तुळशीच्या लग्नाचे पत्र : न लिहिलेला अर्थ कसा पोहोचतो?

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :

- कौटुंबिक पत्रातील उघड अर्थ आणि सूचित अर्थ वेगळे करून दाखविता येतील.
- ‘सूचितार्थ’ आणि ‘पूर्वगृहीत’ या संकल्पनांतील फरक कसोटी लावून स्पष्ट करता येईल.
- मराठी पत्रातील नातेवाचक संबोधने व ‘यावे’सारखी विध्यर्थी रूपे कोणते काम करतात, ते सांगता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण पत्रलेखनाचे ठरलेले भाग पाहिले : मायना, मजकूर, समारोप आणि सही. या घटकात आपण एकच पत्र घेऊन ते दोनदा वाचणार आहोत. पहिल्या वाचनात ते तुळशीच्या लग्नाचे साधे बोलावणे वाटेल. दुसऱ्या वाचनात त्याच शब्दांतून आणखी एक गोष्ट कळेल. ती पत्रात कोठेही लिहिलेली नाही, तरी ज्यांच्यासाठी पत्र आहे त्यांना ती नेमकी समजते. हे कसे घडते, हा या घटकाचा विषय आहे.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लक्षात घेऊ. आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास सुरू होतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीस तो संपतो. या काळात विष्णू निद्रिस्त असतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून परंपरेने या काळात विवाह टाळले जातात. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही सोयीच्या सायंकाळी तुळशीचे लग्न लावता येते. तुळशीस नवरी मानतात, बाळकृष्णाची मूर्ती किंवा शाळिग्राम हा वर. वृंदावनाभोवती उसाचा मांडव करतात, बुंध्याशी चिंचा व आवळे ठेवतात, मध्ये अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणतात. हे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळाली, असे मानण्याची रीत आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तुळशीचे लग्न लागले म्हणजे दुसऱ्या आठवड्यात घरात लग्न होते, असे नाही. शेतकरी कुटुंबांत पुष्कळ लग्ने रब्बीची कामे आटोपल्यावर, चैत्र-वैशाखात होतात. कार्तिकात सुरू होतात ती बोलणी : स्थळे सुचविणे, पाहणे, पत्रिका देणे-घेणे. त्यामुळे तुळशीच्या लग्नाचे बोलावणे ही कोणत्याही विवाहाची घोषणा नसते. ‘आता विषय काढला तरी चालेल’ एवढेच ते सांगू शकते, आणि तेही न बोलता.

नमुना पत्र

पुढील पत्र अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील तिथी व वार मात्र २०२४ सालच्या पंचांगाप्रमाणे आहेत. लिहिणारा भाऊ नाशिक जिल्ह्यातील नांदगावचा. थोरली बहीण चाळीसगावास दिलेली. चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातील गाव मनमाड-भुसावळ लोहमार्गावर नांदगावच्या पुढे लागते. भावाची थोरली मुलगी शिकून नाशिकला नोकरी करते आहे. बहिणीच्या सासरच्या नात्यात लग्नाच्या वयाचा एक मुलगा आहे. ही शेवटची गोष्ट दोन्ही घरांना ठाऊक आहे, पण तिच्याविषयी आजवर कोणी शब्द काढलेला नाही.

> ॥ श्री ॥
>
> नांदगाव,
> कार्तिक शु. ५, शके १९४६
>
> ती. सौ. आक्का व ती. दाजी यांस,
>
> शि. सा. न. वि. वि.
>
> आम्ही सर्व खुशाल आहोत. भाऊबीजेस भेट झाली, पण धावपळीत निवांत बोलणे राहिले. येत्या शुक्रवारी, ता. १५ रोजी, पौर्णिमेस आपल्या अंगणातील तुळशीचे लग्न लावण्याचे योजले आहे. एरवी द्वादशीसच उरकतो. यंदा पौर्णिमा धरली. त्या दिवशी सुट्टीही आहे. मोठीला नाशिकच्या नोकरीत दोन वर्षे झाली. तीही घरी येणार आहे. यंदा तुळशीची ओटी मीच भरणार, असे म्हणते. ऊस मळ्यातलाच आहे, तुम्ही काही आणू नये. लग्न गोरज वेळेस आहे, तरी दुपारच्या गाडीने यावे व एक मुक्काम करावा. दाजींनीही अवश्य यावे. यंदा अंगण भरलेले असावे, अशी आईची इच्छा आहे.
>
> कळावे, लोभ असावा.
>
> आपला,
> भाऊ

मायना आणि ‘यावे’

प्रथम पत्राची बाह्य बाजू पाहू. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. ही अक्षरे लिहिणाऱ्याची जागा निश्चित करतात : तो धाकटा आहे आणि विनंती करतो आहे. मायन्यात आक्कांबरोबर दाजींनाही घेतले आहे. हा केवळ शिष्टाचार नव्हे. बहिणीच्या सासरच्या नात्यातील विषय पुढे सरकायचा असेल, तर तो बहिणीच्या नवऱ्याच्या मार्फतच सरकेल, हे लिहिणाऱ्यास ठाऊक आहे. म्हणूनच दाजींचा उल्लेख मजकुरात पुन्हा स्वतंत्रपणे येतो : ‘दाजींनीही अवश्य यावे’.

आता ‘यावे’ या रूपाकडे पाहा. समोरासमोर बोलताना हा भाऊ बहिणीला ‘तू ये’ म्हणेल आणि दाजींना ‘तुम्ही या’ म्हणेल. एकाच पत्रात दोघांना बोलवायचे असल्यास कोणते रूप वापरावे? विध्यर्थी ‘यावे’ ही अडचण सोडविते. ‘आक्काने यावे’, ‘दाजींनी यावे’, ‘सर्वांनी यावे’ : कर्ता कोणीही असो, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच राहते. हा भावे प्रयोग आहे. क्रियापद कर्त्याचे लिंग, वचन वा पुरुष दाखवीत नसल्यामुळे एकाच रूपात जवळीक आणि आदर दोन्ही सांभाळले जातात. शिवाय आज्ञार्थात असतो तसा आग्रहाचा दाब येथे नाही. येणे चांगले, एवढेच ‘यावे’ सांगते. न येण्याची वाट मोकळी राहते. ही मोकळी वाट या पत्रास किती आवश्यक आहे, ते पुढे दिसेल.

दुसरे वाचन : जास्तीची माहिती

आता पत्र पुन्हा वाचा आणि एक प्रश्न विचारा. बोलावण्यासाठी किती माहिती पुरेशी होती? दिवस, वेळ आणि ‘यावे’. बाकीची वाक्ये बोलावण्यास आवश्यक नाहीत. ‘निवांत बोलणे राहिले’ हे कळविण्याचे कारण काय? मोठीला नोकरीत दोन वर्षे झाली, याचा तुळशीशी संबंध कोणता? एक मुक्काम कशासाठी?

भाषेच्या तत्त्वज्ञानातील अभ्यासक पॉल ग्राइस यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच प्रकारच्या प्रश्नाचा विचार केला. त्यांच्या मते बोलणारे आणि ऐकणारे परस्परसहकार्य गृहीत धरूनच बोलतात. बोलणारा गरजेपेक्षा कमी किंवा जास्त सांगणार नाही आणि जे सांगेल ते विषयाशी संबंधित असेल, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा वरवर मोडलेली दिसली, तर ऐकणारा ‘हा असंबद्ध बोलतो आहे’ असे मानत नाही. ‘याचा संबंध कोणत्या तरी दुसऱ्या ठिकाणी असला पाहिजे’ असे समजून तो संबंध शोधतो. या शोधातून हाती येणाऱ्या, पण शब्दांत न सांगितलेल्या अर्थास सूचितार्थ म्हणतात.

आक्का नेमका हाच शोध घेतील. नोकरीची दोन वर्षे हे वाक्य तुळशीच्या लग्नाशी जुळत नाही. मग ते कशाशी जुळते? मुलगी मिळवती झाली, स्थिरावली, याच्याशी. नेहमीची द्वादशी सोडून सुट्टीची पौर्णिमा का धरली? मुलगीही घरी असावी आणि दाजींनाही येता यावे, म्हणून. मुक्काम कशाला? राहिलेले बोलणे बोलण्यास. प्रत्येक जास्तीचे वाक्य एकाच दिशेने बोट दाखविते.

या सर्वांना बांधणारा शब्द ‘यंदा’ आहे. तो पत्रात तीन वेळा आला आहे. मराठीत ‘यंदा’ आणि ‘या वर्षी’ यांचा कोशातील अर्थ एकच असला, तरी वापराचा इतिहास वेगळा आहे. पाऊस, पीक आणि लग्न यांच्या संदर्भात ‘यंदा’ फार वापरला जातो, आणि ‘यंदा कर्तव्य आहे’ या वाक्प्रचारात तर ‘कर्तव्य’ म्हणजे लग्न हे सांगावे लागत नाही. त्यामुळे कार्तिकातल्या पत्रात, मिळवत्या मुलीच्या उल्लेखाशेजारी ‘यंदा’ आला की तो वाक्प्रचार ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप जागा होतो. प्रयोग म्हणून तिन्ही ‘यंदा’ काढून पत्र वाचा. माहिती तीच राहते, पण बोट दाखविणारा हात नाहीसा होतो.

भारतीय काव्यशास्त्रात या शब्दशक्तीस व्यंजना म्हणतात. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात तिची मांडणी केली. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त, सूर्य मावळल्याचे एकच विधान ऐकणाऱ्यागणिक वेगवेगळे अर्थ कसे सुचविते, हे दाखविले. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्थळ कोणते आणि काळ कोणता, यांवर व्यंग्यार्थ अवलंबून असतो. आपले पत्रही तसेच आहे. हाच मजकूर आषाढात, एखाद्या पूजेच्या बोलावण्यात आला असता, तर त्यातून एवढे सुचले नसते.

निरसनाची कसोटी

सूचितार्थाचे एक लक्षण असे की, बोलणाऱ्यास तो नाकारता येतो आणि नाकारताना त्याच्या मूळ शब्दांशी विरोध येत नाही. यास निरसनक्षमता म्हणतात. समजा, आक्कांनी दूरध्वनीवर विचारले, “काय रे, मोठीचे पाहायला लागलात वाटते?” भाऊ म्हणू शकतो, “नाही गं, सहजच. सुट्टी आहे, सगळे भेटतील म्हणून बोलावले.” पत्रातील एकही वाक्य या उत्तराने खोटे ठरत नाही.

आता पत्रात केवळ एक शब्द बदलू. समजा, भावाने लिहिले असते :

> यंदा आधी तुळशीचे लग्न लावून घेऊ.

‘आधी’ या शब्दाने सारे बदलते. आधी म्हणजे कशाच्या आधी? नंतर काहीतरी ठरले आहे, हे मान्य केल्याशिवाय या वाक्याचा अर्थच लागत नाही. वाक्य अर्थपूर्ण होण्यासाठी जी गोष्ट खरी मानावी लागते, तिला पूर्वगृहीत म्हणतात. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे : वाक्य नकारार्थी करून पाहावे. ‘आधी तुळशीचे लग्न लावणार नाही’ असे म्हटले, तरी दुसरे कार्य आहे हे गृहीत तसेच उरते. सूचितार्थ मागे घेता येतो. पूर्वगृहीत मागे घेणे अवघड असते. ‘आधी’ लिहिल्यानंतर भावाने “सहजच” म्हटले, तर ते पटणार नाही.

तिसरा पर्याय उघडपणे लिहिण्याचा :

> मोठीसाठी स्थळ पाहावयाचे आहे. आपल्याकडील मुलाविषयी विचार कळवावा.

हे वाक्य चुकीचे नाही. वधूवर सूचक मंडळाकडे किंवा लांबच्या परिचितांकडे असेच लिहावे लागते. पण येथे त्याची किंमत काय होते, ते पाहा. आक्कांना होय किंवा नाही म्हणावेच लागते. ‘नाही’ म्हटले, तर नकार भावाच्या मुलीस जातो आणि तो बहिणीच्या हातून जातो. पुढील प्रत्येक भाऊबिजेस तो दोघांमध्ये उभा राहील. मूळ पत्रात हा धोका नाही. आक्का दोन प्रकारे उत्तर देऊ शकतात :

> (अ) दोघेही येतो. त्या दिवशी आमच्याकडील आणखी एक-दोघे सोबत आले, तर चालेल ना?
>
> (आ) दोघेही येतो. ऊस नको म्हणालास, म्हणून आवळे व चिंचा आणते.

(अ) मध्ये आक्कांनी सूचितार्थ उचलला आहे आणि तोही सूचितानेच. (आ) मध्ये त्यांनी केवळ उघड अर्थास उत्तर दिले आहे. भावास उत्तर समजते. पण कोणी विचारले नाही आणि कोणी नाकारलेही नाही. तुळशीचे लग्न ठरल्याप्रमाणे लागते, नाते जसेच्या तसे राहते. पत्राची अशी ठेवण दोन्ही बाजूंस अपमानाशिवाय माघार घेण्याची सोय करून ठेवते.

संकेत कोठे फसतो?

अशा लेखनाच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा वाचकाची. हाच मजकूर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर तो पन्नास जण वाचतात. त्यांपैकी कोणी सर्वांसमक्ष ‘यंदा कर्तव्य आहे वाटतं!’ असे लिहिले की सूचित गोष्ट उघड होते. मग नाकारण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या उरली, तरी व्यवहारात उरत नाही. सूचितार्थ एका विशिष्ट वाचकासाठी रचलेला असतो. वाचक वाढले की तो निसटतो. म्हणून गटावर फक्त दिवस व वेळ कळवावी आणि बाकीचा मजकूर आक्कांना स्वतंत्र लिहावा.

दुसरी मर्यादा शब्दांच्या अनेकार्थतेची. ‘पत्रिका’ म्हणजे जन्मपत्रिका आणि लग्नपत्रिकाही. ‘पाहुणे’ म्हणजे घरी आलेले कोणीही, आणि मुलगी पाहण्यास येणारी मंडळीही. भावाने ‘यंदा पत्रिका छापली नाही, हेच बोलावणे समजावे’ असे विनोदाने लिहिले असते, तर आक्कांना त्यात जन्मपत्रिकेचा संकेत दिसला असता, किंवा बोलणी इतरत्र ठरत आल्याची शंका आली असती. संकेताचे लेखन करताना असे दुहेरी शब्द टाळावेत. सूचनेची दिशा एकच असावी.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. पत्र ज्या मुलीविषयी आहे, ती पत्रात तृतीय पुरुषी आहे. ‘ओटी मीच भरणार, असे म्हणते’ या वाक्यात तिचा आवाज येतो, परंतु तो भावाने पोहोचविलेला आवाज आहे. ती तुळशीविषयी असे म्हणाली असेल. लग्नाविषयी काय म्हणाली, हे त्या वाक्यावरून ठरत नाही. सूचितार्थ नाकारण्याची सोय भावास आहे, आक्कांना आहे. मुलीस ती सोय मिळायची असेल, तर पत्र टाकण्यापूर्वी तिला ते दाखविले पाहिजे. तिला ‘यंदा’ नको असेल, तर तिन्ही ‘यंदा’ आणि नोकरीचे वाक्य काढावे. उरलेले पत्र तुळशीच्या लग्नाचे उत्तम बोलावणे आहेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘दुपारच्या गाडीने यावे व एक मुक्काम करावा’ या वाक्याचा सूचितार्थ कोणता? निरसनाची कसोटी लावा.

२. ‘मोठीने पुन्हा नोकरी धरली’ या वाक्यातील पूर्वगृहीत ओळखा व नकाराची कसोटी लावा.

३. ‘तुम्ही या’ ऐवजी ‘यावे’ वापरल्याने काय साधते?

उत्तरांसाठी दिशा

१. सूचितार्थ : निवांत बोलावयाचे आहे. ‘रात्री परतीची गाडी गैरसोयीची, म्हणून मुक्काम’ असे म्हणून तो नाकारता येतो.

२. पूर्वगृहीत : तिने पूर्वी नोकरी केलेली आहे. ‘पुन्हा नोकरी धरली नाही’ असे म्हटले, तरी ते तसेच राहते.

३. भावे प्रयोगामुळे ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतील निवड टळते, आणि आज्ञार्थाचा दाब येत नाही.

स्वाध्याय

आपल्या घरातील जुनी पत्रे किंवा एखाद्या सणाच्या बोलावण्याचे संदेश पाहा. त्यांतून बोलावण्यास आवश्यक नसलेली दोन वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्य कोणासाठी आहे, त्यातून काय सुचते आणि लिहिणाऱ्यास ते नाकारता येईल का, हे दीडशे शब्दांत लिहा. लिहिताना संबंधित व्यक्तींची नावे देऊ नका. केवळ नाते नमूद करा.